कान कापलेला कुत्रा दिसला तर समजा

सांजवात झाली असेल, कोणाच्या चुलीवर भात असेल, कोणी धानाच्या बांधीतून नुकतीच परतली असेल. हात चालू ठेवा, कान तेवढे इकडे द्या. आज आम्ही गावातल्या मोकाट कुत्र्यांबद्दल बोलणार आहोत.

हा विषय आम्ही शोधून काढलेला नाही, तो बैठकीत चालून आला. आमच्याकडच्या एका गावात बचत गटाची महिन्याची बैठक होती. कर्जाचे हप्ते बाजूला राहिले आणि सगळ्या बाया कुत्र्यांवर बोलू लागल्या. आदल्या आठवड्यात अंगणवाडीतून येणाऱ्या पाच वर्षांच्या पोरीच्या पोटरीचा लचका कुत्रीने तोडला होता. त्याआधी एकीची शेळी गेली होती. एक काकू उठून म्हणाल्या, "ठराव घ्या आणि औषध टाका. नाही तर ट्रॅक्टरात भरून वैनगंगेपार सोडा." बऱ्याच जणींनी माना हलवल्या. खरं सांगायचं तर आमच्याही मनात तेच आलं होतं. मग कोपऱ्यात बसलेली एक म्हातारी आजी म्हणाली, "दोन वर्षांमागं तेच तर केलं होतं. मग हे कुठून आले?"

आजीच्या या प्रश्नाचं उत्तर आम्हाला देता आलं नाही. गटात आम्ही पदवी घेतलेल्या म्हणवतो, पण तेव्हा गप्प बसलो. नंतर पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांकडे जाऊन बसलो, थोडं वाचलं, आणि जे समजलं ते आज तुमच्यापुढे मांडतो आहोत.

आधी आजीचंच उत्तर. गावात कुत्री किती राहणार हे गावात खायला किती पडतं त्यावर ठरतं. कोंबडीच्या दुकानामागचा कचरा, लग्नाच्या मांडवामागच्या पत्रावळी, नाल्यात फेकलेलं शिळं. पन्नास कुत्री पोसतील एवढं खाणं गावात असेल आणि तुम्ही तीस कुत्री उचलून नेली, तर तीस कुत्र्यांचं खाणं तिथंच पडून राहतं. शेजारच्या टोलीतली कुत्री ते खायला येतात. उरलेल्या कुत्रींची पिल्लंही जास्त जगतात, कारण आता त्यांना पोटभर मिळतं. दीड-दोन वर्षांत आकडा पुन्हा होता तिथं येतो. आणि नवी कुत्री अनोळखी असतात. जुनी कुत्री गावातल्या पोराबाळांना ओळखत होती, नवी सगळ्यांवर भुंकतात. हा काही आजचा अनुभव नाही. इंग्रजांच्या काळात, 1832 साली, मुंबईत मोकाट कुत्री मारण्याची मोहीम निघाली आणि त्यावरून पारशी लोकांनी दंगल केली, तिची नोंद इतिहासात आहे. त्यानंतरही मुंबईत कुत्री मारणं कित्येक वर्षं चालूच राहिलं, आणि कुत्री काही संपली नाहीत.

मग काय केलं म्हणजे कमी होतात? आम्हाला सगळ्यात जवळचं आणि पटणारं उदाहरण गोव्याचं वाटलं. का ते सांगतो. गोवा राज्य म्हटलं की आपल्याला ते फार मोठं वाटतं. पण गोव्याचं क्षेत्रफळ साधारण 3,700 चौरस किलोमीटर आहे, आणि आपला भंडारा जिल्हा 4,000 च्या थोडा वर आहे. 2011 च्या जनगणनेत गोव्यात साडेचौदा लाख माणसं होती, आपल्याकडे बारा लाख. म्हणजे आपले सात तालुके एकत्र केले तर जवळपास गोव्याएवढं होतं. तिथं जे झालं ते आपल्या मापाचं आहे.

गोव्यात 2013 पासून 2019 पर्यंत मिशन रेबीज ही संस्था आणि राज्य सरकार यांनी मिळून काम केलं. सुरुवातीला काही भागांतच आणि नसबंदी, लसीकरण दोन्ही बरोबर. मग हळूहळू लसीकरण सगळ्या राज्यभर नेलं. शेवटी वर्षाला 95,000 हून जास्त कुत्र्यांना लस टोचली जाऊ लागली. कुत्र्यांमधला रेबीज, म्हणजे आपण ज्याला कुत्रं पिसाळणं म्हणतो, तो महिन्याच्या आकड्यात 92 टक्क्यांनी खाली आला. आणि कुत्रं चावून रेबीजने माणूस मरण्याचं त्या काळाच्या शेवटी तिथं थांबलं. 2021 साली गोव्याच्या मुख्यमंत्र्यांनी जाहीर केलं की तीन वर्षांत राज्यात रेबीजने एकही माणूस दगावला नाही.

आता त्यांनी हे केलं कसं, ते सावकाश सांगतो, कारण खरी गोष्ट तिथंच आहे.

त्यांनी गावाचे, वस्तीचे छोटे तुकडे पाडले. एक पथक सकाळी एका तुकड्यात शिरतं. घरची कुत्री मालकाने धरायची, मोकाट कुत्री पथकातल्या माणसांनी हाताने किंवा जाळीने पकडायची. जागच्या जागी लस टोचायची, अंगावर रंगाची खूण करायची, सोडून द्यायचं. कुठल्या गल्लीत किती टोचली हे फोनमध्ये भरायचं, नकाशावर दिसायचं. एक तुकडा संपल्याशिवाय दुसऱ्याकडे जायचं नाही. मग पथक फिरून तपासायला येतं. गल्ल्यांतून फिरायचं, दिसेल ते प्रत्येक कुत्रं मोजायचं, त्यातली रंग लागलेली किती. दहांतली सात रंगाची दिसली तर तो भाग झाला. पाचच दिसली तर पुन्हा पथक पाठवायचं. बायांनो, कागदावर टोचलेल्या लशींचा आकडा आणि रस्त्यावर दिसणारी खूण यांत फरक असतो. गोव्यात रस्त्यावरच्या खुणेवर विश्वास ठेवला, म्हणून काम झालं असं आम्हाला वाटतं.

दहांतली सातच का, सगळी का नाही? असा प्रश्न आम्हीही डॉक्टरांना विचारला. एक पिसाळलेलं कुत्रं मरेपर्यंत साधारण एक-दोन कुत्र्यांना रोग देतं, फार जास्त नाही. त्याला चावायला मिळालेल्या कुत्र्यांपैकी बहुतेक लसवाली निघाली की साखळी तुटते. म्हणून सत्तर टक्के पुरतात. पण हे सत्तर टक्के एकदा करून सोडून देण्यासारखे नाहीत, आणि नसबंदीचं खरं काम इथंच आहे.

आपण एक हिशेब करू. वही असेल तर घ्या, नसेल तर बोटांवरही होतो. समजा एका गावात 100 कुत्री आहेत, आणि आपण 70 ना लस दिली. मोकाट कुत्र्याचं आयुष्य फार नसतं. गाडीखाली, रोगाने, उपासाने वर्षात शंभरातली तीस तरी मरतात असं धरू. म्हणजे लसवाल्या सत्तरांतली 21 गेली, उरली 49. बिनलसीच्या तीसांतली 9 गेली, उरली 21. आणि वर्षभरात जगलेली नवी पिल्लं आली 30. बेरीज पुन्हा 100. कुत्री तेवढीच, पण लसवाली आता 49. एका वर्षात सत्तरावरून एकोणपन्नासावर आलो, आणि आपण काही चूकही केली नव्हती.

आता तोच हिशेब नसबंदी धरून करू. पुरेशा कुत्रींची नसबंदी झाली आणि नवी पिल्लं 30 च्या जागी 15 आली. बेरीज 85. लसवाली तीच 49. म्हणजे शंभरात 58 झाली. दोन गोष्टी एकदम झाल्या. कुत्री 100 ची 85 झाली, आणि लशीचा जोर कमी ओसरला. पुढच्या वर्षी लस द्यायला 85 च कुत्री आहेत, त्यामुळे पथकाला तेच काम कमी दिवसांत होतं. लस रोगाला थांबवते, नसबंदी लशीला टिकवते, असं आम्ही आमच्या भाषेत लक्षात ठेवलं.

हा हिशेब कागदावरचा आहे. प्रत्यक्षात काय झालं त्यासाठी राजस्थानातलं जयपूर बघावं लागतं. तिथं हेल्प इन सफरिंग या संस्थेने नोव्हेंबर 1994 पासून शहराच्या ठराविक भागात कुत्री पकडून नसबंदी आणि लस दोन्ही करून त्याच जागी सोडली. 2002 च्या अखेरपर्यंत 19,129 कुत्र्यांवर हे काम झालं. कुत्रींपैकी जवळजवळ 65 टक्के झाल्या. मोजणीत कुत्री 28 टक्के कमी भरली. आणि त्या भागात माणसांचा रेबीज शून्यावर आला, पण शहराच्या ज्या भागात हे काम नव्हतं तिथं तो वाढला. आठ वर्षं आणि 28 टक्के. ऐकताना कमी वाटतं ना? आम्हालाही वाटलं. पण पहिल्या दोन वर्षांत कोणी म्हणालं असतं की काही फरक पडत नाही, बंद करा, तर हेही झालं नसतं. आपल्याकडे शिबिर एकदा होतं, फोटो निघतो, आणि पुढच्या वर्षी कोणी विचारत नाही. तशाने पैसे जातात आणि कुत्री राहतात.

जयपूरच्याच कामातून आणखी एक गोष्ट कळली. नसबंदी वाढली तशी तिथं कुत्रं चावण्याची प्रकरणंही कमी झाली. कारण सोपं आहे. पिल्लांवर बसलेली कुत्री सगळ्यात जास्त अंगावर येते. आमच्या बैठकीतल्या त्या पोरीला जी चावली, तीही अंगणवाडीमागच्या खड्ड्यात पिल्लांवर बसलेली होती. हे आम्हाला नंतर तिच्या आईने सांगितलं.

आता वेळेची गोष्ट. भादव्यात कुत्र्यांचा माज असतो हे आपल्या म्हाताऱ्यांना डॉक्टरांआधीपासून माहीत आहे. मोकाट कुत्री बहुतेक करून पावसाळ्याच्या शेवटी माजावर येतात, दोन महिने गाभण राहतात, आणि दिवाळीच्या पुढे, धान कापणीच्या सुमारास गावभर पिल्लं दिसू लागतात. म्हणजे नसबंदी कधी करायची? भादव्याच्या आधी. शिबिर मार्च अखेरीचा खर्च संपवायला लावलं तर त्या वर्षीची पिल्लं जन्मून गेलेली असतात. अर्थात केव्हाही केलं तरी पुढच्या वर्षासाठी कामाचंच आहे, पण उन्हाळा ते आषाढ या वेळेत केलं तर त्याच वर्षी फरक दिसतो. आणि आधी कुत्री करायच्या, मग कुत्रे. दहा कुत्रे केले आणि एक राहिला, तरी तो एकटा पुरतो. प्रत्येक केलेली कुत्री मात्र तिच्या सगळ्या पुढच्या वितांचा हिशेब मिटवते. तरी काही ठिकाणी कुत्रेच जास्त केले जातात, कारण ती शस्त्रक्रिया लहान आणि झटपट असते.

शस्त्रक्रियेत काय होतं ते थोडक्यात. सहा महिन्यांखालचं पिल्लू घेत नाहीत. पकडलेल्या कुत्र्याला आधी उपाशी ठेवतात, भूल देतात, कुत्रीची गर्भपिशवी आणि अंडाशय काढतात, रेबीजची लस देतात, आणि भुलीतच कानाचा छोटा तुकडा कापतात. ती खूण आयुष्यभर राहते. म्हणून कान कापलेलं कुत्रं दिसलं तर समजा, त्याची नसबंदी झाली आहे आणि त्याला त्या दिवशी लस मिळाली आहे. जखम भरेपर्यंत चार-पाच दिवस पिंजऱ्यात ठेवतात, आणि जिथून उचललं तिथंच सोडतात. इथं गावकरी भांडतात, "नेलंच आहे तर परत कशाला आणता?" आजीच्या प्रश्नाचं उत्तर आठवा. लसवालं, न विणारं, ओळखीचं कुत्रं ती जागा धरून ठेवतं, म्हणून बाहेरचं आत येत नाही.

केंद्र सरकारचे 2023 चे प्राणी जन्म नियंत्रण नियम आहेत, त्यांत हे काम स्थानिक संस्थांचं ठरवलं आहे, आणि त्यात ग्रामपंचायतही येते. 2025 च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने नसबंदी आणि लस झालेलं कुत्रं त्याच भागात सोडावं असं म्हटलं, पिसाळलेलं किंवा अति आक्रमक कुत्रं सोडून. पुढे नोव्हेंबरमध्ये शाळा, दवाखाने, बसस्थानक अशा ठिकाणांची कुत्री तिथं परत सोडू नयेत, निवाऱ्यात ठेवावीत असाही आदेश झाला. त्यामुळे ग्रामसेवक वेगवेगळं सांगत असतील तर ते अगदीच खोटं नसतं, कोणत्या जागेबद्दल बोलतात ते विचारून घ्या.

काम बिघडलं हे कसं ओळखायचं? कान कापलेली कुत्री पुढच्या वर्षी पिल्लं घेऊन फिरताना दिसली, तर शस्त्रक्रिया झालीच नाही किंवा अर्धी झाली. पोटाला उघडी, पू आलेली जखम घेऊन कुत्रं सोडलेलं दिसलं, तर चार दिवस ठेवलेलं नाही. गावात कधी न पाहिलेली कान कापलेली कुत्री एकदम आली, तर दुसऱ्या ठिकाणची इथं ओतली. लशीची पेटी बर्फाशिवाय उन्हात फिरत असेल, तर ती लस टोचून उपयोग नाही, ती दोन ते आठ अंशांत ठेवावी लागते. यातलं काही बघायला डॉक्टर व्हावं लागत नाही. पशुसखींना तर हे सगळं सहज कळतं.

आणखी एक गोष्ट आपल्याकडची. आपल्या गावातलं बहुतेक कुत्रं ना पूर्ण मोकाट, ना पूर्ण घरचं. दिवसा एकीच्या दारी भाकर खातं, रात्री बांधीवर धानाला राखण बसतं, कोका अभयारण्याकडच्या गावांत तर जंगलातही शिरतं. मोजणीवाला विचारतो, "कुत्रं कोणाचं?" आपण म्हणतो, "कोणाचं नाही." मग त्याला कोणी धरून देत नाही आणि लस राहून जाते. गोव्यातही अशी अर्धवट घरची कुत्री खूप होती. ज्या कुत्र्याला तुमच्या हातची भाकर माहीत आहे, त्याला तुम्हीच धरू शकता. जाळीवाल्याला बघून ते पळतं, आणि एकदा पळालेलं दुसऱ्या वर्षी गाडीचा आवाज ऐकूनच लपतं.

हे सगळं होईपर्यंत वर्षं जाणार, आणि कुत्रं उद्याही चावू शकतं. तेव्हा एवढं पक्कं करा. चावलं, ओरखडलं, लहान पिल्लाने जरी दात लावला, तर जखम नळाखाली किंवा तांब्याने पाणी ओतत साबणाने पंधरा मिनिटं धुवायची. घड्याळ बघून पंधरा. हळद, चुना, तिखट, तेल काही नाही. झाडफुंक्याकडे वेळ घालवायचा नाही, थेट सरकारी दवाखान्यात. दंडात कातडीत टोचायची लस असेल तर पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. रक्त आलं असेल तर जखमेत टोचायचं वेगळं औषध असतं, ते मागून घ्यायचं. गावात लस मिळाली आणि ते औषध नसेल, तर जिल्हा रुग्णालयात कधी जायचं ते तिथंच विचारायचं, घरी परतायचं नाही. कुत्रं दहा दिवस जिवंत आणि नीट राहतं का ते बघायचं, पण त्यासाठी लस थांबवायची नाही. रोगाची लक्षणं एकदा दिसली की मग औषध नाही. म्हैस-गाय चावली गेली तर तिचीही जखम तशीच धुवायची, हातमोजे किंवा पिशवी घालून, आणि पशुवैद्यकाला बोलवायचं. उकळलेल्या दुधाने रेबीज होत नाही, तरी अशा जनावराचं दूध डॉक्टर सांगेपर्यंत बाजूला ठेवा.

त्या बैठकीतल्या पोरीला चारही सुया झाल्या, ती शाळेत जाते. कुत्री आता अंगणवाडीमागे नाही, तिची तीन पिल्लं मात्र बोडीच्या काठाला मोठी होत आहेत.

त्या गावात ठराव झाला, पण औषधाचा नाही, मोजणीचा. दोन-दोन बायांच्या पाच जोड्या केल्या, प्रत्येकीला गल्ल्या वाटून दिल्या. एकाच दिवशी, सकाळी सहा ते आठ, ऊन चढायच्या आत, कारण नंतर कुत्री सावलीला जाऊन झोपतात आणि मोजणीत सुटतात. वहीत चार रकाने: कुत्रा, कुत्री, पिल्लू, कान कापलेलं. पहिल्या सकाळी 83 भरली. त्यात कुत्री 31, पिल्लं 17, कान कापलेलं एकही नाही. त्या काकू, ज्यांना औषध टाकायचं होतं, त्यांनीच सगळ्यात नीट मोजलं. त्यांच्या गल्लीतली प्रत्येक कुत्री कोणाच्या दारी खाते, हे त्यांना ठाऊक होतं. हा कागद ग्रामसभेत दिला आहे, सोबत मागणी आहे की पंचायत समितीच्या पशुधन विकास अधिकाऱ्यांकडून आधी लस, आणि भादव्याआधी 31 कुत्रींची नसबंदी, मान्यता असलेल्या संस्थेकडून. लशीला होकार आला आहे. नसबंदीसाठी जिल्ह्याकडे पत्र गेलं आहे, उत्तर यायचं आहे. शेजारची दोन गावं बरोबर आली तर पिंजऱ्यांची गाडी एकाच फेरीत होईल, म्हणून तिथल्या ग्रामसंघांशी बोलणं चालू आहे. पुढची मोजणी लस टोचल्यावर तिसऱ्या दिवशी सकाळी आहे, अंगावरचा रंग पुसायच्या आत.